सुई, कागद आणि जाळी: एस्प्रेसोत नेमके काय बदलते?

दुहेरी एस्प्रेसोसाठी साधारण १८ ग्रॅम दळलेली कॉफी धातूच्या बास्केटमध्ये भरतात, टॅम्परने दाबून तिची घट्ट चकती करतात आणि तिच्यातून ९०-९५ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी सुमारे ९ बार दाबाने ढकलतात. पंचवीस-तीस सेकंदांत कपात ३६ ग्रॅमच्या आसपास पेय उतरते. एवढ्या कमी वेळात आणि एवढ्या दाबाखाली पाणी चकतीच्या प्रत्येक भागातून सारखेच जाईल, याची खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही. ती मिळावी म्हणून गेल्या काही वर्षांत तीन साधने घरोघरच्या यंत्रांशेजारी दिसू लागली आहेत. एक म्हणजे पूड मोकळी करणारे बारीक सुयांचे साधन, दुसरा बास्केटच्या तळाशी घालायचा गोल कागदी फिल्टर आणि तिसरी चकतीवर ठेवायची धातूची जाळी, म्हणजेच पक स्क्रीन. तिन्हींची नावे एका दमात घेतली जात असली तरी त्यांची कामे वेगळी आहेत आणि उपयोगही सारखा नाही.

चकतीत पाणी कसे वागते हे समजले की पुढचे बरेचसे उलगडते. शेतात पाट सोडला की पाणी बांधाची कच्ची जागा शोधते आणि एकदा तिथून झिरपू लागले की तीच जागा रुंद करत जाते. कॉफीच्या चकतीतही तसेच घडते. जिथे पूड सैल पडली आहे तिथून पाणी जास्त वेगाने जाते, जाताना बारीक कण वाहून नेते, कॉफीतले विरघळणारे पदार्थही काढून घेते, त्यामुळे ती जागा आणखी मोकळी होते आणि वेग आणखी वाढतो. याला चॅनलिंग म्हणतात. त्या वाटेवरच्या कॉफीतून गरजेपेक्षा जास्त अर्क निघतो, तर शेजारच्या भागाला पाणी जेमतेम लागते. म्हणूनच अशा शॉटची चव विचित्र असते. तो एकाच घोटात आंबटही लागतो आणि तुरटही. नुसता आंबट शॉट दळण जाड असल्याचे सांगतो आणि नुसता कडू शॉट अर्क जास्त निघाल्याचे. आंबट आणि तुरट एकत्र आले, तर संशय आधी चकतीच्या असमानपणावर घ्यावा.

याला संशोधनाचाही आधार आहे. मायकेल कॅमेरॉन, ख्रिस्तोफर हेंडन, जेमी फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘मॅटर’ या नियतकालिकात एस्प्रेसोवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दळण जितके बारीक तितका अर्क जास्त, ही सर्वसाधारण समजूत एका मर्यादेपर्यंतच खरी असल्याचे त्यात दिसले. त्या मर्यादेपलीकडे दळण बारीक केले की अर्क उलट कमी होतो आणि एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही, कारण चकतीतला प्रवाह असमान होतो. सुई आणि कागद यांचा खरा उपयोग याच मर्यादेशी निगडित आहे. प्रवाह जितका समान ठेवता येईल तितके दळण बारीक करूनही चव बिघडत नाही. ज्या शॉटला बारीक दळणाची गरजच नाही, त्याला या साधनांतून तेवढा लाभही होत नाही.

सुयांची पद्धत या तिघांत जुनी आहे. अमेरिकेतले हौशी कॉफीप्रेमी जॉन वाइस यांनी २००५ मध्ये ती सुचवली आणि त्यांच्याच नावावरून तिला डब्ल्यूडीटी हे संक्षिप्त नाव पडले. त्या काळच्या घरगुती ग्राइंडरमधून पूड गोळ्यागोळ्यांनी बाहेर पडायची. तळ कापलेला दह्याचा प्लास्टिकचा डबा नरसाळ्यासारखा बास्केटवर बसवायचा आणि बारीक सुईने पूड ढवळून गोळे फोडायचे, एवढाच तो उपाय होता. आजची साधने त्याचेच सुबक रूप आहेत. एका दांड्याला सहा-आठ बारीक तारा असतात आणि त्यांची जाडी ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते. अनेकजण बाटलीच्या बुचात अॅक्युपंक्चरच्या सुया खोचून घरीच असे साधन करतात, तेही तितकेच चालते.

तारेची जाडी ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. टूथपिक, काट्याचे दात किंवा सरळ केलेली कागदाची क्लिप फिरवली की गोळे फुटतात खरे, पण मागे चर राहतो. नंतरच्या दाबानेही तो पुरता भरून येत नाही, म्हणजे पाण्याला आयती वाट मिळते. बारीक तार पुडीतून जाते तेव्हा तिच्यामागे कण लगेच मिटतात. पद्धतही तळापासून वर यायची आहे. आधी सुया बास्केटच्या तळाला टेकवून लहान लहान वर्तुळे काढत सगळा तळ मोकळा करायचा, मग हळूहळू वर यायचे आणि शेवटी फक्त टोके बुडवून वरचा थर सारखा करायचा. पंधरा-वीस सेकंद पुरतात. त्यानंतर बास्केट ओट्यावर एकदा हलकेच टेकवून टॅम्पर सरळ दाबायचा. वरवर सुया फिरवून थांबणे ही नेहमीची चूक आहे. पृष्ठभाग सुंदर दिसतो आणि खालचे गोळे तसेच राहतात. वर ठेवून फिरवायचे सपाटीकरणाचे चक्राकार साधनही याच कारणाने सुईची जागा घेऊ शकत नाही, कारण त्याचे काम वरच्या काही मिलिमीटरपुरते असते.

गोळे होतात तरी का, याचे एक उत्तर स्थिर वीज हे आहे. दळताना कणांवर विद्युतभार येतो, काही कण एकमेकांना चिकटतात, काही उडून ग्राइंडरच्या तोंडाशी बसतात. दाणे दळण्याआधी त्यांवर पाण्याचे काही थेंब घालून हलवण्याची युक्ती हौशी मंडळी बरीच वर्षे वापरत आली आहेत. ओरेगॉन विद्यापीठातील हेंडन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये तिचा पद्धतशीर अभ्यास केला. दाण्यांत पाणी मिसळून दळल्यावर भार कमी झाला, गोळे कमी झाले आणि त्याच कॉफीचा शॉट अधिक सावकाश उतरून अधिक कडक झाला. सुईबद्दल यातून एक उपयोगी निष्कर्ष निघतो. ग्राइंडर जितका गोळे करणारा, तितका सुईचा फायदा मोठा. पूड मुळातच मोकळी, सारखी आणि बास्केटच्या मधोमध पडणाऱ्या चांगल्या ग्राइंडरवर तोच फायदा लहान होतो. कोरड्या थंडीत स्थिर वीज जास्त जाणवते, त्यामुळे नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात जी पूड उडते, ती मुंबईच्या पावसाळ्यात गप्प बसलेली दिसते.

सुईचा परिणाम एका कपाच्या चवीत शोधण्यापेक्षा पाच कपांच्या वेळेत शोधावा. समजा, तेच दाणे, तेच दळण आणि १८ ग्रॅमचे तेच माप घेऊन सुई न वापरता पाच शॉट काढले आणि ३६ ग्रॅम उतरायला २२, ३१, २६, ३५ आणि २४ सेकंद लागले. सुई वापरल्यावर वेळ २७, २९, २८, ३० आणि २८ सेकंद आली, तर सुईने काम केले. सरासरी फारशी हलली नाही, पण विखुरणे आटोक्यात आले. दळणात एक खूण बदलली तर तिचा परिणाम आता दिसू शकेल. आधी तो या गोंधळात बुडून गेला असता. दोन्ही वेळा आकडे आधीच जवळजवळ असतील, तर त्या ग्राइंडरला सुईची विशेष गरज नाही असे निःशंकपणे म्हणता येते. विखुरणे आटोक्यात आणण्याचा हा लाभ रोस्ट गडद असो वा फिका, शॉट छोटा असो वा लांब, सगळीकडे मिळतो. म्हणून तिघांतून एकच निवडायचे असेल तर सुई निवडावी.

कागदाचे काम निराळे आहे. बास्केटच्या तळाला शेकडो बारीक भोके असतात, पण ती तळाचा थोडाच भाग व्यापतात. भोकांमधल्या सपाट पत्र्यावर आणि कडेच्या कोपऱ्यात बसलेल्या पुडीतून पाण्याला सरळ खाली वाट नसते, त्याला बाजूने वळून भोकापर्यंत जावे लागते. शिवाय दळणात रव्यासारख्या कणांबरोबर मैद्यासारखे अतिबारीक कणही असतात. ते खाली सरकतात, भोकांशी साचतात आणि प्रवाह अडवतात. तळाशी ओला कागद असला की पाणी कुठेही खाली पोहोचले तरी कागदाच्या जाडीतून आडवे पसरून जवळच्या भोकाकडे जाऊ शकते, आणि बारीक कण भोकांत शिरत नाहीत. परिणामी त्याच दळणाला शॉट स्पष्टपणे वेगाने उतरतो. ही गोष्ट पहिल्याच प्रयत्नात दिसते आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

एक उदाहरण धरू. फिका भाजलेला, धुतलेल्या पद्धतीचा अरेबिका आहे, कूर्ग किंवा चिकमगळूरचा म्हणा. १८ ग्रॅम कॉफीतून ४५ ग्रॅम पेय काढायचे आहे. कागदाशिवाय ३० सेकंद लागतात. रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने पेयातले विरघळलेले पदार्थ मोजले तर ते ८ टक्के येतात. म्हणजे ४५ ग्रॅममध्ये ३.६ ग्रॅम पदार्थ कॉफीतून आले. १८ ग्रॅमच्या हिशेबाने २० टक्के अर्क निघाला. आता तळाशी कागद घालून दळण तसेच ठेवले. शॉट २३ सेकंदांत संपला, पातळ आणि आंबट लागला. इथे थांबणारा माणूस कागद निरुपयोगी ठरवतो, पण त्याने कागदाची पारख केलेलीच नसते, वेगवान शॉटची केलेली असते. दळण दोन-तीन खुणा बारीक करून वेळ पुन्हा ३० सेकंदांवर आणली की तुलना रास्त होते. तेव्हा विरघळलेले पदार्थ ८.४ टक्के आले तर अर्क २१ टक्के झाला. हे आकडे हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक ग्राइंडरवर ते वेगळे येतील. कागदाचे गणित मात्र असेच चालते. तो स्वतः चव घालत नाही, दळण बारीक करण्याची मोकळीक देतो आणि अर्क त्या बारीक दळणातून वाढतो.

ही मोकळीक कोणाला हवी असते? फिक्या रोस्टला. हलक्या भाजलेल्या दाण्याची रचना कठीण असते, त्याच्यातले पदार्थ सहज सुटत नाहीत, आणि पुरेसा अर्क निघाला नाही तर त्याची फळांसारखी आंबट चव टोकदार होते. अशा कॉफीचा १ ला २.५ किंवा ३ या प्रमाणातला लांब शॉट हे कागदाचे खरे क्षेत्र आहे. चव स्वच्छ होते, गोडी वर येते, तुरटपणा कमी जाणवतो. याउलट इटालियन पद्धतीचा गडद रोस्ट पाहावा. इटलीच्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेने ठरवलेल्या मापात साधारण ७ ग्रॅम कॉफीतून २५ सेकंदांत २५ मिलिलिटर पेय काढायचे असते. अशा मिश्रणात बऱ्याचदा रोबस्टा असतो, दाणा ठिसूळ असतो, पदार्थ भराभर सुटतात. तिथे अर्क आणखी वाढवला तर कडूपणा वाढतो. शिवाय कागद काही तेल आणि अतिबारीक कण अडवतो, त्यामुळे पेय थोडे हलके लागते आणि क्रेमाही पातळ होतो. ज्या शॉटची सारी मजा दाट, चिकट घोटात आहे, त्यात ही वजाबाकी करण्याचे कारण नाही. रिस्ट्रेटोला, म्हणजे १८ ग्रॅमच्या कॉफीतून जेमतेम २० ते २५ ग्रॅम काढलेल्या शॉटला, हेच लागू पडते. आणि शॉटवर दीडशे मिलिलिटर दूध ओतायचे असेल तर एका टक्क्याचा फरक ओळखणे सरावलेल्या जिभेलाही अवघड आहे.

कागद बसवण्यात एकच काळजी महत्त्वाची आहे. ५८ मिलिमीटरचे बास्केट वरच्या तोंडाशी तेवढे असते, तळाशी बरेचदा त्याहून अरुंद असते. कागद तळापेक्षा मोठा असेल तर त्याची कड भिंतीवर दुमडते आणि नेमकी तिथे फट राहून पाणी कडेने पळते. एअरोप्रेसचे कागद वापरायचे झाल्यास कापून तळाच्या मापाचे करून घ्यावे लागतात. कोरडा कागद पूड पडताना आणि सुया फिरवताना उचलला जातो, म्हणून तो आधी ओला करून तळाला चिकटवावा. ज्या बास्केटची भोके कडेपर्यंत आणि दाट पाडलेली आहेत, तिथे कागदाचे निम्मे काम बास्केटनेच केलेले असते, त्यामुळे फरकही कमी दिसतो.

कागदाबद्दल आणखी एक सावधानता सांगायला हवी. चॅनलिंग पाहण्यासाठी अनेकजण तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर वापरतात. त्यात फवारे उडाले, एखादा भाग लवकर फिका पडला किंवा काही भाग कोरडाच राहिला तर चकती असमान आहे हे कळते. कागद घातल्यावर हे दृश्य एकदम देखणे होते. थेंब सगळीकडून एकाच वेळी येतात आणि मधोमध एक सुबक धार बनते. पण आता पाणी कागदातून आडवे पसरून बाहेर येत असते. वर चकतीत वाट फुटलेली असली तरी खाली ती दिसत नाही. तळाच्या कागदाने डोळ्यांची साक्ष बाद ठरते. अशा वेळी वेळेचे विखुरणे आणि चव यांवरच विसंबावे लागते. चव घेतानाही कोणता कप कोणता हे पिणाऱ्याला माहीत नसावे. घरातल्या दुसऱ्या कोणी कप आलटून-पालटून दिले, प्रत्येक प्रकारचे निदान तीन शॉट झाले, तर निकालावर विश्वास ठेवता येतो. नवे साधन वापरल्यावर पहिला कप छान लागणे हा पुरावा नाही.

पक स्क्रीनची कथा याहून साधी आहे. वायरच्या जाळीचे थर तापवून एकजीव केलेली ही स्टेनलेस स्टीलची चकती बहुधा १.७ मिलिमीटर जाड असते. यंत्राच्या वरच्या जाळीतून येणारे पाणी ती सगळीकडे पसरवते, पाण्याची पहिली धार थेट कॉफीवर आदळू देत नाही. ज्या यंत्रात वरून पाणी ठिकठिकाणी धारेने पडते किंवा मधला स्क्रू चकतीत रुततो, तिथे याने वरचा थर उखडणे थांबते. जिथे यंत्र आधी कमी दाबाने कॉफी हळूच भिजवते आणि पाणी आधीच सारखे पसरते, तिथे चवीत फरक शोधून सापडणे कठीण आहे. स्क्रीनचा निर्विवाद फायदा स्वच्छतेचा आहे. शॉट संपला की अनेक यंत्रांतला झडपेचा सोलनॉइड उरलेला दाब सोडतो आणि त्या ओढीने कॉफीचे कण वर यंत्राच्या आत जातात. स्क्रीन ते अडवते. वरची जाळी बरीच स्वच्छ राहते, चकतीही सुबक निघून येते. सुबक निघालेली चकती म्हणजे चांगला शॉट असा अर्थ मात्र काढू नये. ओलसर, चिखलट चकतीतूनही उत्तम कप आलेला असू शकतो.

या फायद्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली उष्णतेत. २५ ग्रॅम वजनाची खोलीच्या तापमानाची स्क्रीन गरम होताना ८०० जूलच्या आसपास उष्णता घेते. हिशेब केला तर पहिल्या २० ग्रॅम पाण्याचे तापमान त्याने आठ-नऊ अंशांनी खाली येऊ शकते. मागून गरम पाणी येत राहते, त्यामुळे हा परिणाम विरत जातो, पण फिक्या रोस्टला सुरुवातीचा गारवा परवडत नाही. उपाय सोपा आहे. स्क्रीन यंत्रावरच्या कप गरम करायच्या जागी ठेवावी किंवा वापरण्याआधी गरम पाण्याखाली धरून पुसून घ्यावी. दुसरी किंमत जागेची. कॉफी भिजल्यावर फुगते, तिला वर थोडी मोकळी जागा लागते. ती आहे का हे पाहण्यासाठी दाबलेल्या चकतीवर स्क्रीन ठेवावी, पोर्टाफिल्टर यंत्रात लावून लगेच काढावा. स्क्रीन कॉफीत रुतलेली दिसली तर कॉफी एक ग्रॅमने कमी करावी. नाही तर दबलेल्या चकतीला कडेने तडे जातात आणि सुईने केलेली मेहनत वाया जाते. स्क्रीनची भोकेही तेलाने हळूहळू बुजतात. उजेडासमोर धरल्यावर ठिपके अंधारलेले दिसले की ती एस्प्रेसो यंत्राच्या सफाईच्या पावडरीत भिजत घालावी. एवढी निगा राखायची नसेल तर चकतीवर एक कागद ठेवला तरी यंत्र स्वच्छ राहते. त्याला तापवावे लागत नाही आणि तो वापरून टाकता येतो.

भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक सुरुवातीच्या किमतीच्या यंत्रांबरोबर दुहेरी तळाचे, प्रेशराइज्ड बास्केट येते. त्याच्या आतल्या तळाला पुष्कळ भोके असली तरी बाहेरच्या तळाला एकच बारीक छिद्र असते. दाब त्या छिद्रामुळे तयार होतो, कॉफीच्या चकतीमुळे नाही, आणि क्रेमासारखा फेसही तिथेच निर्माण होतो. दुकानातून दळून आणलेली पूड चालावी म्हणून ही रचना असते. इथे सुईने पूड सारखी केली, कागद घातला किंवा वर जाळी ठेवली तरी अडथळ्याची जागा तीच राहते, त्यामुळे कपात येणारा फरक नगण्य असतो. एकेरी तळाचे बास्केट आणि एस्प्रेसोला पुरेसे बारीक दळणारा ग्राइंडर आल्यानंतरच या तीन साधनांना काम मिळते, आणि तेव्हाही आधी सुई, मग फिक्या रोस्टचे लांब शॉट काढायचे असतील तर तळाचा कागद, आणि यंत्र धुण्याचा कंटाळा येऊ लागला की स्क्रीन, असा क्रम ठेवणे सोयीचे पडते.